डब्यातलं पाणी कोमट हवं

चूक कबूल करण्यात मी कधीच पटाईत नव्हते. मनमाडला रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले, पाच बहिणींत तिसरी. तिथे जी आधी मान खाली घालील तिच्या वाट्याला भांडी यायची. ती सवय घेऊनच मी दिंडोरीकडच्या या गावात लग्न होऊन आले आणि नवऱ्याच्या घरात शिरल्या दिवसापासून त्याच्या चुका काढत बसले.

तशा त्याच्या चुका पुष्कळ होत्या, निदान मला दिसायच्या. सगळा गाव द्राक्षं लावत असताना याने दोन एकरांत गवती चहा लावला आणि शेताच्या कडेला तेल काढायची भट्टी घातली. मी आठ दिवस बोलले नाही. मग बोलले, कारण भट्टी चालवायला माणूस हवं होतं आणि ते माणूस मीच निघाले. पेठकडचे एक मामा जाळ घालायला यायचे. नवरा कापणी आणि विक्री बघायचा. राहिलेली भट्टी माझी.

काम अवघड नाही. मोठ्या टाकीत जाळीवर गवत दाबून भरायचं, झाकण घट्ट आवळायचं, बॉयलरची वाफ जाळीखालून सोडायची. वाफ गवतातून वर येताना तेल सोबत घेऊन येते. मग ती नळीने कंडेन्सरमध्ये जाते, म्हणजे गार पाण्याच्या पिंपातल्या वेटोळ्यात, आणि तिथे तिचं परत पाणी होतं. ते पाणी आणि तेल डब्यात पडतं. तेल हलकं, ते वर तरंगतं. पाणी डब्याच्या बुडाशी लावलेल्या वाकड्या नळीतून आपलं आपण वर चढून बाहेर पडतं आणि शेजारच्या उथळ हौदात जातं. दोन-तीन तासांनी वरचं पिवळं तेल काढून घेतलं की झालं. हौदातलं वासाचं पाणी मी फरशी पुसायला वापरायची.

त्यात एकाच गोष्टीवरून नवरा माझ्या डोक्यावर बसायचा. "पाणी गार ठिव! वाफ सुटतीय, तेल उडून चाललंय." पिंपातलं पाणी जरा ऊन झालं की हा शेताच्या त्या टोकावरून ओरडत यायचा. दहा वर्षं मी ते ऐकलं. झोपेतही मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कंडेन्सरचं पाणी गार हवं.

मग त्याने नदीकडच्या रेताड पट्ट्यात वाळा लावला. वाळ्याच्या मुळांतून तेल निघतं हे कुठल्याशा प्रशिक्षणात बघून आला होता. मुळं तयार व्हायला दीड वर्ष लागतं म्हणाला. मी कपाळाला हात लावला. पट्टा बऱ्यापैकी होता, पाणी होतं, तिथे वर्षाला दोन पिकं आली असती. बांधावरून जाणारे विचारायचे, "काय राव, गवतच काढताय का?" तो हसायचा. मी त्यांच्याबरोबर हसायची. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

मुळं तयार होत आली तेव्हा त्याच्या यकृताचं दुखणं निघालं. पोटात पाणी व्हायला लागलं, डोळे पिवळे झाले, आणि ऐन थंडीत त्याला नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. सोबतीला माझा धाकटा दीर राहायचा. मी एक दिवसाआड एसटीने जायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या आजारात माणूस मधूनच असंबद्ध बोलतो, मनावर घेऊ नका. तसं होतही होतं. एकदा त्याने मला विचारलं, बैलांना वैरण टाकली का. बैल विकून बारा वर्षं झाली होती.

पण वाळ्याचं तो विसरत नव्हता. अर्धा पट्टा खण, मुळं धू, सावलीत वाळव, तोड, रात्रभर भिजव आणि तेल काढ. मी म्हटलं, "अहो, घरी आल्यावर काढू. मुळं कुठे पळून चाललीत?" तो म्हणाला, "मला बघायचंय, माझं बरोबर हाय का नाय ते." एवढंच त्याला हवं होतं. दीड वर्ष लोकांचं हसणं झेललं, त्यात बायकोचंही, आणि आता जाण्याआधी त्याला उत्तर हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

भट्टी लावायच्या आदल्या दिवशी मी त्याला भेटायला गेले. त्याने माझं मनगट धरलं. "पिंपात पाणी लय गार ठिवू नको. डब्यात पडंल ते कोमट पडू दे. डब्याला हात लावला तर ऊन लागलं पायजे. आन् भायेर पडंल ते पाणी फेकू नको."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दहा वर्षं गार ठेव म्हणून ओरडलेला माणूस. मला बैल आठवले. मी मान हलवली, "हो हो, कोमट ठेवते," म्हटलं, जसं लहान मुलाला म्हणतात. खाली आल्यावर दिराला म्हणाले, "आज पुन्हा भ्रमिष्टासारखं बोलतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही जाळ घातला. वाळ्याची मुळं तेल सहज सोडत नाहीत, तिसऱ्या तासालाही डब्यात काही दिसेना. मी पिंपातलं पाणी बदलत राहिले. थंडीचे दिवस, विहिरीचं पाणी बर्फासारखं. नळीतून येणारं पाणी ताकासारखं पांढुरकं येत होतं. मामा म्हणाले, "बाई, गढूळ का येतंय?" मी म्हटलं, मुळं नीट धुतली नसतील. जाळ आम्ही आलटून पालटून सांभाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी विझवली तेव्हा डब्याच्या तोंडावर दुधावरच्या सायीएवढा तवंग होता. एवढ्या मुळांतून, दीड वर्षातून, साय.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं आणि त्याच्याआड, अगदी आत, थोडं बरंही वाटलं. मी म्हटलंच होतं, असं.

दवाखान्यात गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. त्याने विचारलं, किती? मी बोटाच्या पेराने दाखवलं. "बस्स?" "एवढंच." त्याने भिंतीकडे तोंड केलं. डब्याचं, पाण्याचं काहीच विचारलं नाही. मी ऐकलं असेल हे तो धरूनच चालला होता.

भट्टी लावल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी मामांनी हाक मारली. "बाई, हौदावर तेल हाय." मी गेले. उथळ हौद, सकाळपासून ऊन लागलेला. पाण्यावर तपकिरी, घट्ट तेलाचे मोठाले डाग तरंगत होते. मी सकाळीच त्या हौदातून बादली भरली होती, तेव्हा वर काहीही नव्हतं. मी काठावर बसून राहिले आणि माझं मलाच उमगत गेलं. वाळ्याचं तेल जड, जवळजवळ पाण्याच्याच वजनाचं. पाणी गार असलं की ते बुडतं, नाहीतर पाण्यात मिसळून ताकासारखं लोंबकळत राहतं. कोमट असलं तरच वर येतं. मी डबा गार ठेवला, म्हणून तेल बुडाशी गेलं, आणि बुडाशीच तर बाहेर पडायची नळी होती. दीड दिवस ते माझ्या डोळ्यांदेखत बाहेर वाहत होतं. बरंचसं हौद भरून पाटात गेलं. जे हौदाच्या तळाशी बसलं होतं ते आज उन्हाने वर आलं.

तो भ्रमात नव्हता. गवती चहाला गार आणि वाळ्याला कोमट, दोन्ही बरोबर होतं.

मी ओगराळ्याने वरचं तेल पातेल्यात काढलं. पातेलं ऊन पाण्यात ठेवलं, आत मूठभर मीठ टाकलं. मिठाने पाणी जड होतं, मग तेल चटकन वर सुटतं. हे मला त्या दिवशी सुचलं, चार दिवस आधी नाही. औषधाची बाटली गळ्यापर्यंत भरली. काकवीच्या रंगाचं, संथ हलणारं तेल. वास तर असा, की मामा हौदापासून उठून बाटलीपाशी आले आणि तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाटली पदराच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पहिल्या एसटीने निघाले. वाटेत वाक्य जुळवत होते. "अहो, तुमचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही." सोपं वाक्य, पण माझ्या तोंडाला त्याची सवय नव्हती.

त्या दिवशी त्याची शुद्ध लख्ख होती. दीर चहाला खाली गेला होता. मी पर्सचं बक्कल उघडायच्या आत तोच म्हणाला, "वाळ्याचा वास येतोय."

"कपड्यांना लागलाय," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

"वास चांगला हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "राहिलेला पट्टा खणून टाक. तुला पायजे ते लाव. तुझं दीड वर्ष मी वाया घालवलं. चुकलं माझं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा चुकलं म्हणाला. आणि मला ते ऐकायला गोड लागलं. यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. घाबरले होते, त्याला त्रास नको म्हणून गप्प बसले, असं मी लोकांना नंतर सांगू शकले असते, पण लोकांनी विचारलंच नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, "असू दे."

तो अजून तीन आठवडे होता. मी दहा-अकरा वेळा गेले, प्रत्येक वेळी बाटली घेऊन. पण आधी माफ करून बसलेल्या माणसाने मग कुठल्या तोंडाने बोलायचं? पुढे पुढे तो बहुतेक झोपेतच असायचा.

राहिलेला पट्टा मी खणून टाकला नाही. तिथे अजून वाळाच आहे. मुळं तयार झाली की आम्ही भट्टी लावतो, मी डब्याला हात लावून बसते, गार लागला तर पिंपातलं गार पाणी कमी करते, बाहेर पडलेलं पाणी परत बॉयलरमध्ये घालते. तेल चांगलं निघतं. गावातले दोघं-तिघं आता रोपं मागायला येतात, आणि म्हणतात, तुमच्या मालकांना दृष्टी होती. मी हो म्हणते.

मामांना वाटतं, हात लावून बसते तेव्हा मला त्याची आठवण येते. येतेच. माझ्या चुकीची माफी त्याने मागितली होती, आणि मी त्याला माफ केलं होतं.