"हं"ची जागा

सलूनवाल्या काकांची जीभ कात्रीपेक्षा वेगात चालायची. गल्लीतली कुठलीही भानगड आधी त्यांच्या आरशासमोर पोचायची, मग ज्याची त्याच्या घरी. गल्ल्यावर बसलेली काकू दर वाक्याला "हं" म्हणायची. ती गेली आणि काका बोलताना मध्येच थांबू लागले. मुलगा घाबरला. "बाबा, जीभ जड झालीय तुमची. दुकान बंद करू." तो त्यांना वाचा-उपचारवाल्या बाईंकडे घेऊन निघाला, आणि नाक खुपसायची सवय म्हणून मीही गेलो.

बाईंनी काकांचं मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्यातली उच्चारलेली अक्षरं मोजली. एकशेवीस भरली.

"साठ सेकंदांनी भागलं तर सेकंदाला दोन. हा बोलण्याचा एकूण वेग. कमी आहे."

मुलाचा चेहरा उतरला.

"अहो, थांबा. यातले छत्तीस सेकंद ते गप्प आहेत. ते वजा केले की चोवीस उरतात. एकशेवीसला चोवीसनं भागलं की पाच. हा नुसत्या उच्चाराचा वेग. जीभ ठणठणीत आहे त्यांची."

"मग थांबतात कशाला?"

बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. प्रत्येक वाक्य संपलं की शांतता होती. मला ती जागा लगेच ओळखू आली.

दुकान चालू राहिलं. पुढच्या खेपेला माझे केस कापताना काका एक चहाटळ किस्सा सांगत होते आणि थांबले. मी हळूच "हं" म्हणालो.

काकांनी रिकाम्या गल्ल्याकडे पाहिलं.

"राहू दे रे," ते म्हणाले. "तू फार लवकर म्हणतोस."