आमच्या साडूंची जड सुटका

सोलापुरात आमच्या साडूंइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याशी वाद घालून केव्हाच गाव सोडून गेला असणार. हट्ट जमिनीचा नाही, मानपानाचा नाही, शब्दांचा. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन शब्द धरून आणायचे, शेजारी बसवायचे आणि त्यांचा संसार टिकतो का ते बघायचं, हा त्यांचा छंद. हयात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली. माग दुरुस्त करता करता कान अर्धे गेले, जीभ मात्र शाबूत राहिली. निवृत्त झाल्यावर चौकातल्या मंडळाचा फळा लिहायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. डावीकडे रोजचा सुविचार, उजवीकडे गल्लीतलं कोणी गेलं तर त्याची बातमी, अशी त्या फळ्याची वाटणी होती. उजव्या भागावर 'दुःखद निधन' ही अक्षरं मंडळानं पांढऱ्या ऑइल पेंटनं कायमची रंगवून घेतली होती, म्हणजे खाली खडूनं नाव टाकलं की काम भागायचं.

साडूंच्या हाती खडू आला आणि गल्लीचे सुविचार बंद झाले. एक दिवस 'सुखद धक्का', दुसऱ्या दिवशी 'ओला दुष्काळ'. शाळेला निघालेली पोरं वाचून हसायची आणि म्हातारी माणसं वाचून उभी राहायची. मी वळसंगच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. एकदा न राहवून त्यांना म्हणालो, "याला विरोधाभास म्हणतात. विरोध वरवर दिसतो, आत नसतो." साडूंनी माझ्याकडे बिघडलेल्या मागाकडे पाहावं तसं पाहिलं. "मास्तर, पाडव्याला कडुलिंब अन् गूळ खाता की. गूळ त्या पाल्याला गोड करतो व्हय? पाला कडूच, गूळ गोडच. तोंड तेवढं एक. म्हणून कडूगोड. इरोध आत बी हाय." तीस वर्षं मी पोरांकडून जे पाठ करून घेतलं होतं ते त्यांनी एका पाल्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

कोणतेही दोन उलटे शब्द मात्र त्यांना चालत नसत. मी चिडवायला 'गोल चौकोन' सुचवला, तर म्हणाले, "न्हाय बसत. दोघं बी एकाच आकारावर हक्क सांगत्यात. एक घरात शिरला की दुसरा रस्त्यावर. ओला दुष्काळ बसतो, कारण ओली हाय ती जमीन अन् दुष्काळ हाय तो ज्वारीचा." 'कानठळ्या बसवणारी शांतता' समजावायला तर ते मला बंदच्या दिवशी मागांच्या वस्तीत घेऊन गेले. एरवी तिथे दिवसभर खटखट चालते आणि माणसं ओरडून बोलतात. त्या दिवशी एकही माग चालू नव्हता. गल्लीच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "रानात बी शांतता असती, पर ती लागत न्हाय. हितं कान आवाजाची वाट बघतोय अन् आवाज येत न्हाय. जे यायला पायजे ते आलं न्हाय की त्याचा दणका बसतो." अर्ध्या बहिऱ्या माणसाला शांतता ऐकू येते, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मंडळाच्या अध्यक्षांशी त्यांचं बिनसलं ते 'उघड गुपित' पायी. नळाला पाणी आलं की अध्यक्ष लाइनीवर मोटर लावतात आणि बाकीच्यांच्या नळाला नुसती हवा येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साडूंनी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'आजचं उघड गुपित : पाणी'. मला म्हणाले, "गुपित म्हणजे न कळणं न्हाय, न बोलणं. डोळे उघडे अन् तोंडं बंद, म्हणून दोन्ही शब्द खरे. कुणी बोललं की गुपित मेलं." कोणी बोललं नाही. अध्यक्षांनी फळा वाचला, "छान विचार," म्हणाले आणि त्या दिवसापासून साडूंचा खडू काढून घ्यायची संधी शोधू लागले.

ती संधी त्यांना फार वाईट वेळी मिळाली. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अर्धांगवायूनं पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणं, सगळं साडू करत. वेणी वाकडी व्हायची आणि ती हसायची. आठवड्यातून दोनदा माझी बायको जाऊन मदत करी. शेवटच्या वर्षी ती बाई रोज एकच म्हणायची, "देवा, आता उचल." सगळी गल्ली ते ऐकत होती आणि प्रत्येक जण "बऱ्या व्हाल हो" म्हणून निघून जात होता. मग एका सकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी साडू खडू आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन चौकात गेले. ऑइल पेंटमधला 'दुःखद' त्यांनी काळा करून टाकला आणि खाली लिहिलं, 'माझी बायको काल गेली. जड सुटका.'

तासाभरात अध्यक्ष ओलं फडकं घेऊन हजर झाले. आम्ही नवरा-बायकोही धावत पोचलो. माझी बायको संतापली होती. पाठची बहीण ती, आणि अख्ख्या चौकासमोर मरणाला सुटका म्हटलेलं तिला सोसवत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "काका, मंडळाचा फळा खराब केला तुमी. अन् बायकोच्या मरणाला सुटका कोण म्हणतं? दुःखद लिवायची पद्धत हाय."

"पद्धतीला माझी बायको ठावं न्हाय," साडू म्हणाले. "नुसतं दुःखद लिवलं तर तिची पाच वर्षं खोटी. नुसती सुटका लिवली तर माझी चाळीस वर्षं खोटी. मी दोन्ही लिवणार. खडू न्या, फळा न्या. शब्द न्हाय बदलणार."

माझ्या बायकोनं अध्यक्षांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि फळ्याकडे गेली. "दाजी, मीच पुसते. सुटका तिची झाली, कबूल. लोक म्हणतील तुमची झाली."

"पूस की," साडू शांतपणे म्हणाले. "पर लोक खरंच बोलतील. तिची झाली तशी माझी बी झाली. काल मी पाच वर्षांनी सलग झोपलो, बाई. अन् उठलो तर हात रिकामे. त्या झोपेचीच लाज वाटतीया. तुला हलकं वाटलं न्हाय का? न्हाय म्हण, मी सवता पुसतो."

ती फडकं घेऊन तशीच उभी राहिली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग माझ्या बायकोनं, जी लोक काय म्हणतील या भीतीनं जन्मभर हळू बोलली, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "वाटलं. मला बी हलकं वाटलं. आणि काल दिवसभर रडले पण." फडकं तिनं अध्यक्षांच्या हातात परत दिलं. "ही बातमी आमच्या घरची आहे. पुसायची नाही."

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. पाच वर्षं "बऱ्या व्हाल हो" म्हणणारी माणसं खाली मान घालून उभी होती, पण हलत कोणी नव्हतं. फडकं घडी करून अध्यक्ष निघून गेले. तेरावं होईपर्यंत ती अक्षरं फळ्यावर राहिली.

खडू अजून साडूंकडेच आहे. 'दुःखद' पुन्हा रंगवायचं मंडळाच्या बैठकीत दोनदा ठरलं, आणि दोन्ही वेळा ते काम कोणी अंगावर घेतलं नाही. परवा मी त्यांच्याकडे गेलो, तर ते खाटेवर एका कडेला बसले होते. बाकीची खाट त्यांनी मोकळीच ठेवली होती. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"निवांत हाय की," ते म्हणाले. "लई निवांत. करमत न्हाय."

मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो. त्या मोकळ्या जागेवर बसायचं मला धाडस झालं नाही.