सत्तावन्न दशांश तेरा

होन्नम्मा,

तुझी गोष्ट मी लिहून काढते आहे. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू पाना पुसत म्हणाली असतीस, ‘बेडा टीचर, नको.’ म्हणून लोकांना सांगावी तशी सांगते. खोटं असेल तिथे खोड.

दावणगेरेत बाजार समितीच्या भिंतीला लागून होन्नम्माचं शेड आहे. नवरा वारला तेव्हा तिला फक्त पंक्चर काढता येत होतं. बारा वर्षांत ती आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगू लागली. मग महापालिकेला अक्कल सुचली: मार्चनंतर शेड त्यालाच, ज्याच्याकडे दुचाकी मेकॅनिकचं प्रमाणपत्र. झालं. एक्केचाळिसाव्या वर्षी होन्नम्मा प्रशिक्षण केंद्रात एकोणीस पोरगेल्या उमेदवारांबरोबर परीक्षेला बसली.

लेखी पेपर म्हणजे पोरखेळ. काळा धूर कशाने? पेट्रोल जास्त. निळा कशाने? ऑइल जळतं. तासाचा पेपर तिने वीस मिनिटांत उरकला आणि बाहेर मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खात बसली.

दुपारी प्रात्यक्षिक. निळा धूर ओकणारी मोटरसायकल, सगळ्यांना तीच. वरचा भाग उघडा, सिलिंडरचा व्यास मोजा, दोष सांगा, उपाय लिहा, पुन्हा जोडा. गुणांचा तक्ता भिंतीवर: हत्यारं आणि सुरक्षितता दहा, खोलण्याचा क्रम वीस, मोजमाप तीस, दोष व उपाय पंचवीस, जोडणी पंधरा. पास साठाला.

होन्नम्माने आधी सिलिंडरचा आतला व्यास मोजणारा बोर गेज मायक्रोमीटरवर शून्याला लावला. मग वर, मध्ये, खाली, प्रत्येक जागी आडवं आणि उभं, अशी सहा मापं घेतली. सर्वांत मोठं सत्तावन्न दशांश तेरा मिलिमीटर. मूळ व्यास सत्तावन्न, झिजेची मर्यादा सत्तावन्न दशांश दहा. वरच्या कडेला झिजेची पायरी पडून नख अडकत होतं ते वेगळंच.

केंद्रात शिकवणारे चन्नबसय्या तिच्यामागून गेले. ओठ न हलवता बोलायची कला त्यांना परीक्षेच्या दिवशी येते.

“अक्का, सत्तावन्न दशांश शून्य चार लिही. सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

“मोजून?”

“मोजायचं काय त्यात! उत्तरपत्रिकेत तेच आहे. शून्य चार, मर्यादेच्या आत. नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदला.”

“ती उत्तरपत्रिका कधीची?”

“हे सिलिंडर आलं तेव्हाची.”

आणि त्यानंतर बारा वर्षं प्रत्येक तुकडीने त्याच सिलिंडरवर घासायचा सराव केला होता! सिलिंडर झिजलं, उत्तर मात्र लिफाफ्यात ताजंतवानं राहिलं. एकोणीस जणांनी बोर गेज नुसता आत घालून बाहेर काढला, थर्मामीटर झटकावा तसा, आणि शून्य चार लिहिलं. होन्नम्माने तेरा लिहिलं. उपाय: सिलिंडर बोर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घाला.

बाहेरून आलेले परीक्षक पुट्टराजू यांनी कागद पाहिला. “बाई, हे चुकलं.”

“सार, तुम्ही मोजा ना.”

त्यांनी मोजलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दोनदा मोजलं. चष्मा काढून पुन्हा घातला.

“तेराच आहे,” ते हळूच म्हणाले.

“मग द्या की गुण!”

“तुला दिले तर या एकोणिसांचं काय करू? आणि लिफाफा सीलबंद येतो, मी बदलायचा नसतो. आत्ता शून्य चार कर. कोण बघतंय?”

“सार, यात नुसत्या रिंगा घातल्या तर पंधरा दिवसांत पुन्हा धूर. गिऱ्हाईक माझ्या दारात येईल, तुमच्या लिफाफ्याच्या नाही.”

तिकडून उमापती नावाचा उमेदवार हसला. “अक्का, गाडी काय तुझ्या माहेरची आहे? लिही आणि घरी चल.”

तिने लिहिलं नाही. मोजमापाचे शून्य, दोष-उपायाचे शून्य. उरलेले पंचेचाळीस पूर्ण मिळाले. नापास माणसाला शोभेसे नीटनेटके. एकोणीस पास. मार्चनंतर तिचं शेड उमापतीच्या नावावर. पहिल्याच आठवड्यात तो सिलिंडर घेऊन तिच्यापुढे उभा. “अक्का, मोजून दे ना, मला गेज नीट वाचता येत नाही.” तिने मोजून दिलं. आता ती त्याच्याच शेडमध्ये कामाला आहे.

फेरतपासणीचा अर्ज तीस दिवसांत बंगळूरला पोचायला हवा होता, होन्नम्मा. सहाही मापं लिहून तू पाकीट माझ्या हातात दिलंस, कारण मी सोमवारी तिकडे जाणारच होते. सोमवारी माझा गुडघा दुखला. पुढच्या सोमवारी पाहुणे आले. एकतिसावा दिवस उजाडला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होते. पाकीट माझ्या स्कूटरच्या डिकीतच आहे. दर महिन्याला तू ती स्कूटर दुरुस्त करतेस आणि डिकी उघडत नाहीस.