हिरव्या कापडावरची चंद्रकोर

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. बदलीच्या नोकरीवाल्याची बायको दर तीन-चार वर्षांनी नवं गाव, नवे शेजारी, नवा दूधवाला पारखून घेते. तिने भोळं राहून कसं चालेल? म्हणून चंदीगडमध्ये आमच्या मुलीने इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेल्या पंजाबी मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच. मुलगा गुणी होता. त्याच्या आईचा मात्र मला अंदाज येईना. फाळणीत पलीकडून आलेली बाई, बोलणं मोजकं. अशा माणसांच्या पोटात काय आहे ते कळायला वेळ लागतो.

पहिली अडचण रंगाची आली. त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "दुल्हन लाल ही पहनेगी ना, बहनजी?"

मी सांगितलं, आमच्यात मुलगी आधी मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसते आणि मग हिरवा शालू. हातात हिरवा चुडा. हिरवं म्हणजे बहरलेलं शेत, भरलेली ओटी. लाल आमच्यात कपाळावर असतं, कुंकवात.

"हरा?" त्या म्हणाल्या आणि बशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूड़ा तो हमारा लाल ही होगा." तो लाल-पांढरा चुडाही मामाच आणतो, कच्च्या लस्सीत, म्हणजे पाणी घातलेल्या दुधात, धुऊन भाचीच्या हातात भरतो. दोन्हीकडच्या मामांचं काम सारखंच, रंग तेवढा वेगळा. शेवटी मुलीच्या हातात लाल आणि हिरव्या दोन्ही बांगड्या भरायच्या ठरल्या. इतक्या चटकन त्या तयार झाल्या, की कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं.

तंबूवाल्याने लाल-पिवळ्या कनाती दाखवल्या. सगळ्या पंजाबात लग्नाला त्याच लागतात म्हणे. मी दारावर हिरवंच हवं म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हरा? शादी ही है ना, बीबीजी?" मला राग आला. आमच्या यांनी मध्यम मार्ग काढला, "अगं, केशरी लाव. आपल्यालाही चालतं, त्यांनाही." शेजारच्या सरदारणीला विचारलं तर ती म्हणाली, "केसरी चंगा रंग है जी, पर मैनूं तो निशान साहब दा चोला याद आता है." गुरुद्वाऱ्याच्या झेंड्याचा खांब बैसाखीला धुऊन त्याला नवं केशरी वस्त्र घालतात, आणि तो रंग बलिदानाचा, असं तिने समजावलं. आमच्याकडेही भगवा म्हटलं की गडावरचं निशाण आठवतं, नाहीतर घरदार सोडलेला गोसावी. मुलगी सासरी पाठवायची तर दारात गोसाव्याचा रंग कशाला? झेंडूच्या माळा तेवढ्या केशरी राहू दिल्या.

बावीस सेक्टरच्या बाजारातून मी हिरवंगार कापड आणलं. त्यावर सोनेरी बेगड कापून मधोमध एक मोठी चंद्रकोर आणि तिच्या कुशीत चांदणी चिकटवली. आमच्या पैठणीच्या पदरावर, माझ्या आईच्या कपाळावर चंद्रकोर असायचीच. सोनं लक्ष्मीचं, हिरवं सौभाग्याचं. यात कुणाला काय खटकेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी विहीणबाई चुनरी घालायला यायच्या होत्या. त्या सकाळीच मी ते कापड फाटकाच्या वर बांधलं. गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची, सोनेरी किनार लावलेली लाल ओढणी सासूने मुलीच्या डोक्यावर घातली की मुलगी त्यांची झाली. मुलगी हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. गाडी थांबली, विहीणबाई चुनरीचं ताट घेऊन उतरल्या, फाटकाशी आल्या आणि त्यांनी मान वर केली. मग तशाच उभ्या राहिल्या. मी "या, या" म्हणत पुढे गेले, तर त्या "तबीयत ठीक नहीं" एवढंच पुटपुटल्या आणि ताटासकट गाडीत जाऊन बसल्या.

पाटावर बसलेल्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "मम्मी, उन्होंने मना कर दिया क्या?" बदल्यांमुळे हिंदीतच वाढलेल्या तिने विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तब्येतीचं निमित्त न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? विहीणबाईंना हे लग्न नकोच होतं, कारण शोधत होत्या आणि आमच्या रंगात ते सापडलं. मी स्टुलावर चढून ते कापड ओरबाडून खाली काढलं. तेवढ्यात सरदारणी आली. कापडाकडे पाहून तिने कपाळावर हात मारला. "भैणजी, चांद-तारा? हरे कपड़े पर? ओ तो संताली दे झंडे हैं!" संताली, म्हणजे सत्तेचाळीस साली, तसले हिरवे झेंडे घेतलेल्या जमावापुढून जीव मुठीत धरून पळालेली माणसं ही, असं ती म्हणाली. पण संशय काही गेला नाही. तसं होतं तर बाईने तोंडाने सांगायचं होतं. मुलीला पाटावर टाकून जायचं कशाला?

मी कापड पिशवीत कोंबलं आणि रिक्षा करून थेट त्यांच्या घरी गेले. त्या एकट्याच बसल्या होत्या, ताट मांडीवर. मी पिशवी पुढे आपटली. "हे बघा, काढून टाकलं. आता तरी सांगा, माझी मुलगी नकोय ना तुम्हाला?"

"उतार दिया?" त्या दचकल्या. "क्यों उतार दिया?"

मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. फाळणीच्या वेळी त्यांचं नवं लग्न झालं होतं. गल्लीत जमाव येतोय असं कळलं, तेव्हा शेजारच्या मुसलमान मुलीने आपल्या मेंदीच्या समारंभातली हिरवी ओढणी आणली. तिच्यावर घाईघाईने गोट्याचा चंद्र आणि तारा टाचला आणि विहीणबाईंच्या दारावर लावून बाहेरून कडी घातली. जमाव आला, आपल्याच लोकांचं घर समजून पुढे गेला. पहाटे मागच्या वाटेने हे लोक निघाले. त्या मुलीचं पुढे काय झालं, लबाडी उघडकीला आली का, हे आजवर कळलं नाही. घरात हा विषय कुणी काढत नाही.

"मैंने वो चांद अंदर से देखा था," त्या म्हणाल्या. "दरवाज़े की दरार से, उलटा. बाहर से कभी नहीं देखा, बहनजी. आज देखा, तो पैर नहीं चले."

बाईबद्दल मनात काय काय आणलं होतं मी! मी कापड उलगडलं. चंद्रकोरीचं एक टोक फाटलं होतं. त्यांनी ते हाताने सरळ केलं.

आम्ही दोघी एकाच रिक्षाने परत आलो. मी स्टुलावर चढले, त्यांनी खालून कापड दिलं. यांनी फाटकातून विचारलं, "अगं, परत हेच लावतेस?" मी दोरीची गाठ आवळली.

लावून झाल्यावर विहीणबाई रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ ते समोरून बघत राहिल्या. मग डोक्यावर पदर घेऊन त्याच्या खालून आत आल्या, पुन्हा पाटावर बसलेल्या माझ्या मुलीच्या हिरव्या साडीवर त्यांनी लाल चुनरी घातली, आणि तिला छातीशी धरून मोठ्याने रडल्या.