हत्ती शेवटी कुठे निजला

पाळणाघर बंद होऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या खोलीत आता सोफा आहे, टीव्ही आहे, काकांची औषधं आहेत. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीचा एक तेलकट पट्टा मात्र अजून दिसतो. रंगारी दोनदा येऊन गेला, तरी पट्टा पुन्हा वर आला. मुलांची डोकी तिथे टेकायची.

मावशी म्हणजे या पाळणाघराच्या मालकीण, आया, स्वयंपाकीण आणि चौकीदार, सगळं एकच. काका त्यांचे यजमान, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात मिस्त्री. दुपारी जेवायला घरी यायचे आणि मुलं झोपेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर पडायची त्यांना बंदी असायची.

मुलं झोपायची ती हत्तीवर. जेवणं झाली, तोंडं पुसली, पडदे ओढले, की मावशी सतरंज्यांच्या मधोमध बसायच्या. एक हात या पाठीवर, दुसरा त्या.

हत्ती आला पेंगत पेंगत,
झोप हवी हे सर्वां सांगत.
गवतावरती पडला जेव्हा,
काडी काडी टोचे तेव्हा.
सांगा कोणी, निजू कुठे मी?

ही कविता मावशींचीच. कागदावर कधी उतरली नाही. एका ओळीला चार थापा, आणि दोन थापांच्या मधे दोन लांब अक्षरं किंवा चार आखूड अक्षरं मावतील एवढीच जागा. "हत्ती" एक थाप, "आला" दुसरी. "कडकड" म्हटलं तरी तेवढाच वेळ. मावशींना मात्रा हा शब्द औषधापुरता माहीत होता. त्यांचा हिशेब तळहाताचा होता. शब्द जास्त झाला की थाप उशिरा पडते, कमी झाला की लवकर, आणि दोन्ही वेळा मूल डोळे उघडतं.

वाळूवरती अंग पसरले,
कानामध्ये कण ते शिरले.
सांगा कोणी, निजू कुठे मी?

खाट मिळाली, बसला वर तो,
कडकड कडकड, खाली पडतो.
सांगा कोणी, निजू कुठे मी?

"कडकड"ला पूर्वी मुलं हसायची. मग मावशींनी ते जवळजवळ कुजबुजत म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून खाट मोडायची, पण आवाज व्हायचा नाही. शेवटच्या मुलाचा डोळा मिटला की तोंड मिटायचं, हा त्यांचा नियम. खाटेपलीकडे जायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे हत्तीचं पुढे काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींनाही नाही.

मग ती मुलगी आली. चार वर्षांची, कपाळावर बटा, नजर थेट. आई साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला. तोवर मुलीला आजोबा सांभाळायचे. ते गेले, म्हणून पाळणाघर. पहिल्या दुपारी खाट मोडली, बाकीची पोरं गाढ झोपली, आणि अंधारातून आवाज आला, "मग?"

"मग काय, झोप."

"हत्ती झोपला?"

"झोपला."

"कुठे?"

मुलगी आडवीही होईना. भिंतीशी बसून राहिली आणि थोड्या वेळाने शेजारच्या पोराला उठवून तिने विचारलं, "तुला माहितेय हत्ती कुठे झोपला?" त्याने भोकाड पसरलं. मग सगळ्यांनीच. स्वयंपाकघरातून काका म्हणाले, "घुबडाबाई आलेल्या दिसतात."

नाव तेच पडलं. आठवडाभर रोज तेच. इतर मुलांच्या आयांच्या तक्रारी सुरू झाल्या, मुलं संध्याकाळी किरकिरी होतात म्हणून. शेवटी मावशींनी मुलीच्या आईला दारातच सांगितलं, "हे बघ बाई, शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे कुठे बघू, मावशी? दोन ठिकाणी पाहूनच इथे आले. मग कामच सोडावं लागेल." ती रडली नाही. मुलीची चप्पल सरळ करून पायात घातली आणि गेली. मावशींना ते जास्त लागलं.

म्हणून हत्तीला अंथरूण शोधणं आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला ढगावर चढवला. "ढगावरती निजला हत्ती." ओळ लंगडली. "ढगाव"पर्यंत ठीक, मग "रती"ला हात वरच राहिला आणि थाप रिकाम्यात पडली. झोपलेल्या दोघांनी कूस बदलली. मुलगी म्हणाली, "ढगातून पडेल ना तो. खाटेवरून पडला की."

कापसाची गादी केली. "फाटेल," मुलगी म्हणाली. तळं केलं. "बुडेल." तिचं काही चुकत नव्हतं. जो हत्ती खाट मोडतो, त्याला कवितेत तरी खोटी गादी कशी द्यायची?

शुक्रवारी जेवताना मावशींनी काकांपुढे हात टेकले. "तुमचं घुबड काही ऐकत नाही हो. हत्ती झोपतो तरी कुठे?"

"झोपतो कुठे म्हणजे? उभाच पेंगतो," काका घास न थांबवता म्हणाले. "सर्कशीच्या ट्रकचं इंजिन खोललं होतं ना मी? तंबूमागे होता एक. खांद्याने झाडाला टेकून ढाराढूर. मला वाटलं मेलाबिला. आडवाही होतो म्हणे, पण थोडाच वेळ."

"इतके दिवस हे सांगितलं का नाही?"

"मला स्वयंपाकघराबाहेर यायची परवानगी आहे का?"

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता मावशी परातीवर थापा मारत राहिल्या. काकांना शेवटचं कडवं इतक्या वेळा ऐकावं लागलं, की ते अंगणात जाऊन बसले.

आणि तेव्हाच मावशींना आठवलं ते मुलीच्या आईने पहिल्या दिवशी घाईघाईत सांगितलेलं: आजोबा ओट्यावर बसून पेपर वाचायचे, आणि ही त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायची. बसूनच. उशी तिला ठाऊकच नव्हती.

शनिवारी मावशींनी तिला आडवं पाड, थोपट, असलं काही केलं नाही. तिच्याकडे पाठ करून बसल्या आणि आपली पाठ तिच्या पाठीला टेकवली. थापा स्वतःच्या मांडीवर. मुलीला त्या पाठीतून पोचत असाव्यात. गवत झालं, वाळू झाली, खाट मोडली.

"मग?"

झाडाला मग टेकुन राही,
गादी नाही, चादर नाही.

मावशी थांबल्या. पाठीवरचं ओझं जड झालं होतं. नियम म्हणजे नियम. पुढच्या दोन ओळी तोंडातच राहिल्या. मुलीच्या आईचं काम टिकलं. घुबडाबाई दोन वर्षं त्या पाठीला टेकून झोपल्या, रोज "चादर नाही"पाशी, आणि मग शाळेत गेल्या.

गेल्या महिन्यात घुबडाबाई पुन्हा आल्या. कुशीत तीन महिन्यांचं बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चहा नको म्हणाल्या.

"मावशी, हत्तीचं पुढचं सांगा. मला तेवढंच येतं आणि हा तेवढ्यात झोपत नाही."

"तुला शेवट माहीत नाही?"

"मी कुठे जागी होते?"

मावशींचा आवाज आता खरखरतो, पण हात चुकत नाही. सोफ्याच्या हातावर थापा पडू लागल्या. बाळाला खांद्यावर घेऊन ती दाराच्या चौकटीला टेकली.

झाडाला मग टेकुन राही,
गादी नाही, चादर नाही.
डोळे मिटले, कान न हलले,

मावशींचा हात थांबला.

"पुढे?" तिने ओठ हलवूनच विचारलं.

मावशींनी बाळाकडे बोट दाखवलं. झोपलं होतं.

"अहो, एकच ओळ राहिली!"

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा स्वयंपाकघरातून, अगदी हळू आवाजात, काका म्हणाले,

"झाडच थोडे थोडे झुलले."

ती चौकटीशी उभी होती आणि बाळाला घेऊन या पायावरून त्या पायावर डुलत होती.