लाल दिव्यापासून ओढलेली रेघ

आमच्या शाळेच्या गावात सिग्नल नाही. शिरूर अनंतपाळपासून आत वळलं की एक डांबरी रस्ता शाळेच्या फाटकाला घासून जातो. त्यावर ट्रॅक्टर, जिपा, मोटारसायकली आणि ठरल्या वेळेला कधीच न येणारी एस.टी. एवढीच रहदारी. तरी पहिलीला रस्तासुरक्षेचा पाठ होताच, आणि तो घेतल्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. मी पहिलीची बाई. लातूरला राहते, रोज स्कूटीनं जा-ये करते. त्यामुळं सिग्नलमधलं अख्ख्या शाळेत मलाच काय ते कळतं, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी मी एका मुलीची बरोबर रेघ चूक ठरवली.

पाठाची तयारी मी जीव लावून केली होती, हे मात्र कबूल करायला पाहिजे. कागदी पत्रावळ्या लाल, पिवळ्या, हिरव्या रंगवून काठ्यांना बांधल्या. मैदानात रांगोळीनं दोन रस्ते आखले, थांबायची रेघ काढली, तिच्या पुढं पांढरे पट्टे ओढले. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीला स्टुलावर उभं केलं. ती झाली सिग्नल. लाल पत्रावळी वर गेली की रेघेमागं थांबायचं, पिवळी दिसली की वेग कमी करून थांबायच्या तयारीत राहायचं, हिरवी दिसली की निघायचं. एवढं सांगितलं आणि विचारलं, "कोण काय होणार?"

सगळ्यांना गाडी व्हायचं होतं. तिघं बुलेट, दोन ऑटो, एक ट्रॅक्टर, एकजण तर थेट लातूर-नांदेड एस.टी. झाला आणि त्यानं कंडक्टर पण मागितला. पायी चालायला कुणीच तयार होईना. गावात पोरं लहानाची मोठी होतात ती पायीच चालून, त्यात कसली मजा? शेवटी मागं उभी राहिलेली एक बारीकशी मुलगी म्हणाली, "बाई, मी होते." ती वर्गात फार बोलायची नाही. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. मी तिच्या हातात माझी पिशवी दिली आणि म्हणाले, "तू बाजाराला निघालीस. पलीकडं जा."

हिरवी पत्रावळी वर गेली. गाड्या तोंडानं आवाज काढत सुटल्या. ही आपली काठावर उभी. मग पिवळी, मग लाल. गाड्या रेघेवर कशाबशा थांबल्या आणि ही पिशवी सांभाळत, उजवीकडं डावीकडं बघत, पट्ट्यांवरून आरामात पलीकडं गेली.

मी ओरडले, "अगं, लाल दिसतोय ना? लालला थांबायचं सांगितलं की नाही?"

ती म्हणाली, "गाड्या थांबल्या की, बाई. म्हणून गेले."

पोरं हसली. मीही हसले. "लालला थांब, हिरव्याला जा," असं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि पुन्हा खेळ लावला. या खेपेला ती हिरव्याला निघाली. ट्रॅक्टर झालेला मुलगा तिच्या अंगावर जाणार तोच मी त्याला मागं ओढलं आणि त्यालाच रागावले. तिथंसुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. फोटो मात्र छान आला.

मग जोड्या लावायचा कागद दिला. तो मीच हातानं काढून झेरॉक्स केलेला. डावीकडं तीन गोल, मुलांनी रंगवायचे. उजवीकडं चार चित्रं. रेघेमागं थांबलेली मोटार, वेग कमी करणारी मोटार, धावणारी मोटार आणि पट्ट्यांवरून चालणाऱ्या मायलेकी. मायलेकी चालताहेत, म्हणजे हिरव्याला, असं माझं गणित. त्या मुलीनं लाल गोलापासून दोन रेघा ओढल्या होत्या. एक थांबलेल्या मोटारीला, दुसरी मायलेकींना. दुसऱ्या रेघेवर मी लाल पेनानं फुली मारली, तिच्याकडून ती रेघ खोडून घेतली आणि हिरव्यापासून नवीन काढून घेतली. तिनं काढली. पहिलीतलं पोर बाईंशी वाद घालत नाही.

हा शनिवार. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मुलगी आत भिंतीकडं तोंड करून.

"रविवारी लातूरला गेलतो, बाई," आई सांगायला लागली. "लग्नाचे कपडे घ्यायला. चौकात लई गाड्या. त्या थांबल्या, लोकं पलीकडं निघाली, मी बी निघाले. तर ही म्हणली, माय, लाल हाय, लालला थांबायचं, बाईंनी सांगितलंय. थांबलो. लोकं गेली सगळी. मग हिरवा लागला. ही म्हणली, चल आता. मला काय कळतंय त्यातलं? शिकलेली ती. मी निघाले तिच्या मागं. मोटारसायकल आली तवा हिला मागं वढलं अन् मी पडले."

रागाचा एक शब्द तिच्या बोलण्यात नव्हता. उलट मलाच समजावत म्हणाली, "पोरीची चूक न्हाई, बाई. हिरवाच होता, मी बघितला ना."

मी खाली बसले. स्कूटीवर बसून मी सिग्नल बघत आले, आणि समोरून पायी जाणारा माणूस कधी चालतो हे मला कधी दिसलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हेच. शरम वाटली. तिथून उठून पळून जावंसं वाटलं, हेही खरं.

"तिला तेवढं समजवा," आई हळू आवाजात म्हणाली. "तीन दिस झाले, नीट जेवंना. शाळेत न्हाई येत म्हणायली. म्हणती, मी मायचा हात मोडला."

तपासलेले कागद माझ्या पिशवीतच होते. तिचा कागद काढला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. खोडलेल्या रेघेचा ठसा कागदावर दिसत होता. त्याच्यावर माझी फुली.

"ही तुझी पहिली रेघ," मी म्हणाले. "ती बरोबर होती. तो दिवा गाड्यांचा असतो. गाड्यांना लाल लागला, गाड्या पुऱ्या थांबल्या, की मायचा हात धरून, उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं बघत पट्ट्यांवरून जायचं. खेळात तू गेलीस ना, अगदी तसं. तुला बरोबर येत होतं. बाईंनीच चुकीचं शिकवलं."

तिनं कागद हातात घेतला. फुलीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "मग मायचा हात कुणामुळं मोडला?"

"माझ्यामुळं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठली, दारात आईजवळ गेली, प्लास्टरच्या हाताला लागणार नाही अशी तिला खेटून बसली आणि म्हणाली, "माय, ऐकलंस का? माझ्यामुळं न्हाई."