बोरमाळेचे बावीस मणी

तामलवाडी
१७ फेब्रुवारी १९८०

उत्तरेश्वर बाळा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. अक्षर सुधारलंय, नळदुर्गच्या सोसायटीत कारकुनी करून एवढा तरी फायदा झाला म्हणायचा. मजकूर मात्र वाचला आणि चष्मा काढून ठेवला. 'आबा, दोन्ही म्हशी विकून टाका आणि येतील त्या पैशांचं सोनं घ्या. दीड वर्षात भाव दुप्पट झालाय, तेराशेच्या पुढं गेलाय. म्हशी काय दुप्पट होणार आहेत का?' असं तू लिहिलंस. शिवाय गिऱ्हाईकही ठरवून मोकळा झालास, ते येत्या रविवारी येणार आहे. म्हणजे विचारायचं राहिलं बाजूला, तू मला कळवलंस.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण रागावर दोन दिवस गेले आणि लक्षात आलं की सोन्याच्या बाबतीत तुझ्याहून मोठा गाढवपणा मी स्वतः करून बसलोय, तोही चौपन्नाव्या वर्षी, आणि गणिताचा मास्तर असून. तो तुला कुणी सांगितलेला नाही. तुझ्या आजीनं सांगितला नाही हा तिचा मोठेपणा, आणि मी सांगितला नाही हा माझा चोरटेपणा.

आधी सोन्याची बाजू घेतो, नाहीतर म्हणशील आबांना सोन्याचं वावडं आहे. अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं आम्ही रातोरात नव्हे, चांगलं भर दुपारी गाडी जुंपून सोलापूरकडं निघालो. निजामाच्या राज्याची सरहद्द जवळ, म्हणून वाचलो. घरात ज्वारी होती, ती तिथंच राहिली. जमीन तर उचलून नेता येत नाही. तुझ्या आजीनं कमरेला गुंडाळून दोन पाटल्या आणल्या. सोलापूरच्या बाजारात त्यांतली एक मोडली आणि आम्ही सातजण पोळा ते दिवाळी जेवलो. पुढं राज्य बदललं, निजामाचा हाली रुपया गेला. सात हालींना सहा कलदार, म्हणजे हिंदुस्थानचे रुपये, अशा हिशोबानं लोक रुपये बदलून घ्यायला ताटकळत उभे असलेले मी पाहिलेत. ज्याच्याकडं पाटली होती त्याला कुणी म्हटलं नाही की ही जुन्या राजाची पाटली, चालणार नाही. सोनं ठेवायचं ते एवढ्यासाठी. रुपया पातळ होतो, राजे जातात, माणसाला घर सोडावं लागतं, तेव्हा ते कमरेला बांधून नेता येतं आणि कुठल्याही गावात त्याला ओळखणारा भेटतो.

तेव्हापासून मथुराबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीनं, एक रीत लावून घेतली. पन्नास सालच्या पाडव्यापासून दरवर्षी बोरमाळेचा एक मणी करायचा. बोराएवढा, आतून पोकळ, आत लाख भरलेली. तुळजापूरच्या महांतप्पा सराफाकडं ती स्वतः जायची. मी कधी गेलो नाही, मला वाटायचं ही बायकांची हौस. एकाहत्तर सालापर्यंत बावीस मणी झाले. लग्नाकार्यात ती बोरमाळ घालून निघाली की गंगम्मा शेजारीण म्हणायची, "मास्तरीणबाई, पाच-सहा तोळं तरी असंल की वो!" तुझी आजी नुसती हसायची.

मग बहात्तर आलं. तू तेव्हा चौदाचा होतास, तुला खडी फोडायचं काम आणि सुकडी आठवत असेल. दोन वर्षं पाऊस नीट नव्हता, तिसऱ्या वर्षी अजिबात दडी मारली. माझा पगार होता, पण घरात खाणारी अकरा तोंडं, आणि गोठ्यात दोन बैल. कडबा सोन्याच्या भावानं विकायला लागला होता. बैल गेले तर पाऊस पडल्यावर पेरायचं कशानं? माणसं दूरच्या बाजारात बैल नेऊन मिळेल त्या किमतीला सोडून येत होती.

मी मात्र निवांत होतो. का, तर मी गणित केलं होतं. आजीच्या नकळत पहिला मणी पोस्टातल्या तराजूवर तोलून आणला होता. तीन मासे भरला. तीन गुणिले बावीस, सहासष्ट मासे, बारा माशांचा तोळा, म्हणजे साडेपाच तोळे. पेपरात भाव दोनशेवीसच्या आसपास. बाराशे रुपये! आणि भाव वाढतोय असं पेपर म्हणत होता, म्हणून मी आणखी दोन महिने थांबलो. त्या दोन महिन्यांत कडबा दीडपट झाला आणि दोन्ही बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. आजी रोज म्हणायची, "आता चला की तुळजापूरला." मी म्हणायचो, "तुला त्यातलं कळत नाही."

शेवटी मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. महांतप्पाच्या दुकानाबाहेर ही रांग! आसपासच्या सगळ्या गावांतल्या बायका, कुणाच्या हातात डोरलं, कुणाच्या बुगड्या. तिथंच लक्षात आलं, सगळा मुलूख एकाच आठवड्यात विकायला आला, तर घेणारा पेपरातला भाव कशाला देईल?

आमची पाळी आली. महांतप्पा म्हणाले, "गुरुजी, बसा. भाव एकशे नव्वद पडंल. माझ्याकडं बी रोकड संपत आलीय, खोटं सांगत न्हाय. सोलापूरला माल गेल्याबिगर पैसा येत न्हाय."

मी माझं गणित सांगितलं. साडेपाच तोळे.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पहिला मणी आणि शेवटचा मणी काढून घेतला, आगीवर धरला, लाख वितळून खाली सांडली. पहिल्यात सोनं निघालं दोन मासे. शेवटच्यात एक मासाही धड नाही. मधले चार मणी कसोटीच्या दगडावर घासले, तर कस फिका आला. त्रेसष्ट ते सहासष्ट सालचे ते, चौदा कॅरेटच्या वर दागिना करायचा नाही असा नियम सरकारनं काढला होता तेव्हाचे. जोडाला लावलेल्या डागाची, म्हणजे त्यातल्या हलक्या धातूची, तूट वेगळी. दरवर्षी दिलेली घडणावळ तर गेलीच, ती मोडताना कुणी परत देत नसतं. बावीस मण्यांचे मिळून पावणेतीन तोळेही होईनात. मी लाख तोलली होती, आणि एका मण्यावरून बावीस मणी धरले होते. चौथीच्या पोराला या चुकीसाठी मी बाकावर उभं केलं असतं.

मला वाटलं सराफानं वर्षानुवर्षं फसवलं. आवाज चढवणार, तेवढ्यात तुझी आजी शांतपणे म्हणाली, "त्यांचा दोष न्हाय. म्याच पातळ करून घेतले."

"ते कशासाठी?" मी विचारलं.

"चांगल्या सालाला जाड मणी केला," ती म्हणाली, "नडीच्या सालाला पातळ. वरल्या पैशाची जवारी घिऊन पेवात टाकली. तुमच्या पोरास्नी सोनं चावून खाता येतंय का?"

आपल्या अंगणाखालचं धान्याचं पेव तुला ठाऊक आहे. त्यातली ज्वारी त्या वर्षी श्रावणापासून घरात येत होती आणि मी ती भाऊबंदांकडून वाट्याला आलेली समजत होतो. अकरा माणसं पोटभर जेवत होती आणि घरचा कर्ता पुरुष पेपरात सोन्याचा भाव बघत बसला होता. त्या दुकानात मला लाज वाटली आणि बायकोचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

तिनं माळ मांडीवर घेतली आणि बोटानं चाचपत नऊ मणी वेगळे काढले. सगळे सुरुवातीचे, जाड. म्हणाली, "हे मोडा. पातळ मोडण्यात राम न्हाय, सगळं लाखंत आन् डागात जातंय." महांतप्पांनी मान डोलावली. दीड तोळ्याला थोडं कमी भरलं, पावणेतीनशे रुपये हातात पडले. दोन महिने आधी गेलो असतो तर तेवढ्यात दोन्ही बैलांचा कडबा झाला असता. आता एकाचाच झाला. ढवळ्या बैल मी स्वतः बाजारात नेऊन विकला. बैल सोन्यासाठी थांबत नसतो, बाळा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

पुढचं ऐक. दोन वर्षांत सोनं पाचशेवर गेलं. मी हळहळलो, तशी आजी म्हणाली, "राहिलेल्या बैलानं सावडीनं, दुसऱ्याचा बैल जोडीला घिऊन, दोन सालं पेरलं, ते धरा की हिशोबात." मग शहात्तरला भाव शंभरेक रुपयांनी खाली आला. पाचशेनं घेणारे आपल्या गावचे व्यंकट पाटील आठवडाभर कुणाच्या तोंडाला लागले नाहीत. म्हणजे ते उतरतंही. आणि चढलं काय, उतरलं काय, पेटीत पडल्या पडल्या ते पिलू देत नाही, शेण देत नाही. म्हशींचं दूध सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जातं, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो. भाव दुप्पट झाल्यावर सगळा गोठा विकून सोनं घेणं म्हणजे माझंच जुनं गणित तू नव्यानं मांडतोयस.

तरी तुझं एक म्हणणं मला पटलं. तुझ्या बहिणीचं, सत्यभामेचं, लग्न पुढच्या साली करायचं आहे आणि तिच्या अंगावर दोन तोळे घालायचे आहेत. जे द्यायचं आहे तेच सोनं आहे, मग भाव कुठंही जावो, आधीपासून थोडं थोडं घेऊन ठेवलेलं बरं. तेवढं घे, तुझ्या पगारातून, दर दोन-तीन महिन्यांनी. एकदम घेऊ नकोस. आपल्यासारख्याला सोन्याची नुसती लगड ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा दागिनाच करावा लागेल. साधा, भरीव, बिनखड्याचा. लाख नको, नक्षी नको. कस आणि वजन लिहिलेली पावती घे आणि ज्याच्याकडं घेशील त्याच्याकडंच मोडायची सोय ठेव. दोन तोळ्यांच्या वर मात्र एक गुंजही नको. उरलेल्यात धान्य असू दे, पोस्टात चार पैसे असू देत आणि गोठ्यात जनावर असू दे. कुठलं संकट येईल हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही.

इथपर्यंत लिहून झालं आणि मी ते तुझ्या आजीला वाचून दाखवलं. वैरण टाकून ती ओट्यावर बसली होती. वाटलं होतं खूश होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, बैल विकल्याचं आलं तिथं पदर डोळ्याला लावला, आणि शेवटी विचारलं, "आन् म्हशी विकायच्या का न्हाय, हे तुम्ही दोघं कुणाला इचारून ठरवाय लागलाव?"

मी म्हटलं, "मी नाहीच म्हणून लिहिलंय."

"व्हय म्हणा नायतर न्हाय म्हणा, तुम्ही कोण? संस्थेत सभासद म्या हाय. शेअर माझ्या नावाचा, पासबुक माझ्या नावाचं, म्हशी माझ्या. पोराला लिहा, गिऱ्हाईक आणायचं आसंल तर त्यानं मला पत्र धाडावं."

तिचं बरोबर आहे. तेव्हा माळ तिची होती आणि गणित मी केलं, आता म्हशी तिच्या आहेत आणि पत्रं आपण दोघं लिहितोय. एवढ्या पानांत मी तुला जे शिकवलं ते सगळं तिच्याकडून घेतलेलं, तरी शिकवताना तिला विचारायचं सुचलं नाही. तर रविवारच्या गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग, आणि पुढचं पत्र सौ. मथुराबाईंच्या नावानं टाक. वाचून मीच दाखवीन, पण उत्तर ती देईल.

तुझा,
आबा